नांदेड सोलापूरच्या रांगेत कसं जाऊन बसलं?

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. गेल्या महिन्यात चार दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिने भूगोलाची फाइल दाखवली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते महाराष्ट्राचे छापील आराखडा नकाशे, तीस-पस्तीस तरी असतील, सगळे भरलेले. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, गावांची नावं बारीक सुवाच्य अक्षरात. मी तेवीस वर्षं नववी-दहावीला भूगोल शिकवतेय, त्यामुळे अशी फाइल बघून आधी कौतुकच वाटतं. पण मग मी तिला एक पांढराशुभ्र कागद दिला आणि म्हटलं, "आता काही न बघता महाराष्ट्र काढ. बाह्यरेषा, तीन मोठ्या नद्या आणि पंधरा गावं."

ती दहा मिनिटं नुसती कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, आराखडा असला की मला सगळं येतं गं."

हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते खरंही असतं. छापील आराखडा मुलाला फार मदत करतो. किनाऱ्यावरची मुंबईची खाच, नंदुरबारचं वर गेलेलं टोक, खाली गोव्याला टेकलेलं निमुळतं टोक, पूर्वेला गडचिरोलीचा फुगवटा. मूल गावं लक्षात ठेवतं ती या खुणांच्या शेजारी. कोल्हापूर कुठे, तर खालच्या टोकाच्या जरा वर. खुणा काढून घेतल्या की गावंही जातात. आणि राज्याच्या आतल्या भागात, म्हणजे बीड, परभणी, हिंगोली, वाशिम इथे अशी एकही खूण नाही. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बहुतेक मुलं आराखडा भरतात तेव्हा शेजारी नकाशासंग्रह उघडा असतो. डोळा तिकडून उचलतो, हात इकडे ठेवतो, आठवायचं काम कुणीच करत नाही. कार्पेंटर आणि पॅश्लर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये नकाशांवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक नकाशा लोकांनी नुसता बघून अभ्यासला. दुसऱ्या नकाशातली एकेक गोष्ट गायब करून त्यांना विचारलं, इथे काय नाहीये आणि ते कुठे होतं? दोन्हींना वेळ सारखाच. नंतर स्मरणाने नकाशे काढायला सांगितले, तेव्हा दुसऱ्या पद्धतीने अभ्यासलेला नकाशा जास्त अचूक निघाला. मला यात नवल वाटलं नाही. नवल याचं वाटतं की आपण अजूनही रंग भरलेल्या फाइलला गुण देतो.

तर त्या कोऱ्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगते.

मी तिला बाह्यरेषा काढूच दिली नाही. आधी जाळी आखायला लावली. कागद आडवा धरायचा. महाराष्ट्र साधारण १५ ते २२ अंश उत्तर अक्षवृत्तं आणि ७२ ते ८१ अंश पूर्व रेखावृत्तं यांच्यात बसतो. एका अंशाला २ सेंटिमीटर धरलं की १८ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर उंच चौकट होते, साध्या फुलस्केपवर आरामात मावते. (आपल्या भागात एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५, त्यामुळे चौकोन खरे तर किंचित अरुंद हवेत. सरावाच्या वहीत एवढा फरक चालतो.) काठाला आकडे लिहायचे. बस, एवढाच आधार.

मग तीन ठिपके. माझ्या मते महाराष्ट्राचा नकाशा लक्षात ठेवायचा तर सुरुवात याच तीन ठिपक्यांपासून करावी. त्र्यंबकेश्वर जवळजवळ २० अंशावर. भीमाशंकर जवळजवळ १९ अंशावर. महाबळेश्वर जवळजवळ १८ अंशावर. आणि तिन्हींचा रेखांश साडेत्र्याहत्तरच्या आसपास, थोडा पुढे-मागे. म्हणजे गोदावरी, भीमा आणि कृष्णा या तिघी एका उभ्या रेषेवर, एकमेकींपासून साधारण एकेका चौकोनाच्या अंतरावर उगम पावतात. भाचीला हे तिन्ही उगम तोंडपाठ होते, तालुक्यासकट. पण ते एकाखाली एक येतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण तोंडपाठ यादीत एकाखाली एक काहीच नसतं.

ठिपके झाल्यावर तिने तिन्ही नद्या काढल्या. छान, सारख्या तिरक्या, तीन समांतर रेघा आग्नेयेकडे. मग नद्यांच्या आधाराने गावं भरली आणि पेन ठेवलं.

आता तपासणी. नकाशासंग्रहातही अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतात, त्यामुळे प्रमाण वेगळं असलं तरी चौकोनाला चौकोन लावून बघता येतं. चुकलेला ठिपका खोडायचा नाही, हा माझा हट्ट आहे. लाल पेनाने बरोबर जागी दुसरा ठिपका द्यायचा आणि चुकीच्या ठिपक्यापासून बरोबर ठिपक्यापर्यंत बाण काढायचा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी चूक असेल तर सोडून द्यायचं, ते जमिनीवर पंचवीस-तीस किलोमीटर होतं आणि सुरुवातीला तेवढं चालतं.

तिच्या कागदावर नऊ बाण निघाले. त्यातले पाच विखुरलेले होते, कुणी इकडे कुणी तिकडे. उरलेले चार मात्र सरळ वर बघत होते: नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव. नांदेड तर दीड चौकोन खाली, जवळजवळ सोलापूरच्या रांगेत जाऊन बसलं होतं. धाराशिवला जागाच उरली नव्हती, ते सोलापूरच्या पूर्वेला ढकललं गेलं होतं.

हे बाण वाचता आले पाहिजेत. विखुरलेले बाण म्हणजे ती ती गावं नीट लक्षात नाहीत, ती पुन्हा पाहायची. पण शेजारशेजारची चार गावं एकाच दिशेला घसरली असतील तर गावं चुकलेली नसतात, ज्या रेषेला ती टांगली आहेत ती रेषा चुकलेली असते. इथे ती रेषा गोदावरी होती.

कारण या तीन नद्या समांतर नाहीतच. चौकोन मोजून बघा. नाशिकपासून नांदेडपर्यंत गोदावरी साडेतीन चौकोन उजवीकडे जाते आणि एवढ्या वाटेत जेमतेम एक चौकोन खाली उतरते. भीमाशंकरपासून पंढरपूरपर्यंत भीमा पावणेदोन चौकोन उजवीकडे जाता जाता जवळजवळ दीड चौकोन उतरते. आणि कृष्णा महाबळेश्वरपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत एक चौकोनही उजवीकडे जात नाही, पण सव्वा चौकोन खाली येते. गोदावरी जवळजवळ आडवी, भीमा तिरकी, कृष्णा उभ्याकडे झुकलेली. हातपंखा उघडावा तशा तिघी पसरतात. गोदावरी आणि भीमा यांच्यामध्ये हरिश्चंद्र-बालाघाटची रांग आहे आणि भीमा-कृष्णेमध्ये महादेवाचे डोंगर. पंख्यातल्या दोन मोकळ्या जागांत या दोन रांगा आपोआप बसतात, त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. पुढे भीमा रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते, गोदावरी मात्र त्या दोघींपासून दूरच राहते, हेही कागदावर दिसायला लागतं.

भाचीने फक्त गोदावरीची रेघ वर उचलून पुन्हा काढली. परभणी, नांदेड आपापल्या जागी गेली. लातूर आणि धाराशिवला पंख्याच्या मोकळ्या जागेत बालाघाटावर जागा मिळाली. चार गावं एका दुरुस्तीत सुटली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यानंतर आडव्या रेषा बघायचा तिला नादच लागला. मुंबई आणि नांदेड जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, १९ अंशाच्या जरा वर. हे तिला खरंच वाटेना, कारण मनात मराठवाडा म्हणजे "खाली" असं काहीतरी बसलेलं होतं. सातारा, पंढरपूर, सोलापूर एका रांगेत. जळगाव आणि नागपूर २१च्या आसपास. उभ्या रेषेत बघितलं तर गोंदिया चेन्नईच्या जवळजवळ बरोबर उत्तरेला येतं. कोकणकिनाराही ती सरळ उभा काढत होती. प्रत्यक्षात डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाली येताना तो जवळजवळ एक चौकोन पूर्वेला सरकतो. किनारा उभा काढला की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळे बाण उजवीकडे बघतात, ही चूक मी दरवर्षी वर्गात बघते.

बाह्यरेषा तिने सगळ्यात शेवटी काढली, आणि तीही नऊ-दहा सरळ तुकड्यांत. सीमेची प्रत्येक वळणी गिरवण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने चित्र सुंदर होतं, पण एकही गाव जास्त आठवत नाही. रंगांचंही तेच.

पुन्हा काढणं मात्र टाळता येत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी एकदा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. दर वेळी नवा कागद, जाळी, तीन ठिपके, पंखा, गावं, मग बाह्यरेषा, आणि तपासणी होईपर्यंत नकाशासंग्रह बंद. जुने कागद फेकायचे नाहीत. चारही कागद शेजारी ठेवले की एखादं गाव दर वेळी त्याच बाजूला घसरताना दिसतं, आणि मग त्याला कुठल्या रेषेला बांधायचं ते कळतं. वाशिम तिचं दर वेळी पश्चिमेला जायचं. अकोल्याच्या जवळजवळ सरळ खाली, ७७ अंशाच्या जरा पुढे, असं बांधल्यावर ते थांबलं.

या पद्धतीने सगळं होत नाही, हेही सांगायला हवं. जिल्ह्यांच्या सीमा अशा आठवत नाहीत, त्यासाठी छापील आराखडाच बरा. उंचीही कळत नाही. महाबळेश्वर आणि वाई या कागदावर शेजारी दिसतात, मधला घाट दिसत नाही. त्यासाठी मी मुलांना किनाऱ्यापासून पठारापर्यंतचा आडवा छेद वेगळा काढायला लावते.

परवा तिने चौथा कागद फोटो काढून पाठवला. अकरा मिनिटांत काढलेला, पंधराऐवजी बावीस गावं, दोन बाण. एक डहाणूचा, अगदी छोटा. दुसरा सिरोंच्याचा, ते अजून अर्धा चौकोन वर जातंय. कारण गोदावरी तिने नांदेडपर्यंतच पक्की केलीय, पुढची नुसती अंदाजाने ओढलीय. या रविवारी वर्धा आणि वैनगंगा घेणार आहोत. त्या दोघींची प्राणहिता होऊन ती सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते, म्हणजे सिरोंच्याला वरूनही एक रेषा मिळेल.