दहा टक्के कापले म्हणजे सगळे संपले?

«जर्मनीशी करार आहे, त्यामुळे रॉयल्टीवर सरसकट 10 टक्के टीडीएस कापा आणि मोकळे व्हा. कर कापलाच गेला असल्यामुळे त्या परदेशी कंपनीला भारतात ना पॅन काढावा लागतो, ना विवरणपत्र भरावे लागते.»

लघुउद्योजकांच्या गटांमध्ये फिरणारा हा सल्ला निव्वळ थाप नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. काही वर्षांपूर्वी तो बराचसा बरोबर होता, पण 2023 मध्ये कायदा बदलला आणि सल्ला मात्र तसाच फिरत राहिला.

आधी दराचे पाहू. चाकणच्या एका कारखान्याने 2024-25 मध्ये जर्मन कंपनीला आराखडे वापरण्याच्या हक्कापोटी 50 लाख रुपये रॉयल्टी दिली, असे समजा. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 115ए नुसार या रकमेवर, कोणताही खर्च वजा न करता, 20 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 10 लाख 40 हजार रुपये लागतात. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर लागू नये यासाठी झालेल्या भारत-जर्मनी कराराच्या अनुच्छेद 12 प्रमाणे रॉयल्टी आणि तांत्रिक सेवा शुल्क या दोन्हींवरील कराची मर्यादा 10 टक्के आहे आणि तिच्यावर अधिभार किंवा उपकर चढत नाही, म्हणून कर 5 लाख होतो. यांपैकी करदात्याला जे फायद्याचे ते लागू करण्याची मुभा कलम 90 देते.

पण «सरसकट» हा शब्द इथे चालत नाही. पैसे घेणारी कंपनीच त्या उत्पन्नाची खरी लाभधारक असली पाहिजे. मधल्या कंपनीने रक्कम स्वीकारून पुढे पाठवायची, अशी रचना असेल तर सवलतीचा दर टिकत नाही. त्या कंपनीचे भारतात कायम आस्थापन, म्हणजे व्यवसायाची स्थिर जागा, असेल आणि रॉयल्टी त्याच्याशी प्रत्यक्ष निगडित असेल, तर प्रकरण अनुच्छेद 12 मधून बाहेर पडून व्यावसायिक नफ्याच्या नियमांखाली जाते. शिवाय जर्मन करखात्याने दिलेले कर-निवासी प्रमाणपत्र आणि पैसे घेणाऱ्या कंपनीने स्वतःची माहिती घोषित केलेला फॉर्म 10एफ हाताशी हवेत. प्रमाणपत्रावरील कालावधी अवश्य वाचावा. जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, त्यामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये दिलेल्या रकमेसाठी केवळ 2024 चे प्रमाणपत्र फाइलला लावलेले असेल, तर चौकशीत पहिले बोट तिथेच ठेवले जाईल. आधार अपुरा ठरला, तर कमी कापलेला कर आणि त्यावरील व्याज यांची मागणी चाकणच्या कारखान्याकडे येते, कारण कापण्याची जबाबदारी देणाऱ्याची असते.

पॅनबाबतचे विधान अर्धे खरे आहे. पॅन नसेल तर जादा दराने कपात करावी लागते, परंतु रॉयल्टी आणि तांत्रिक सेवा शुल्कासाठी नियम 37बीसी यातून सूट देतो: नाव, पत्ता, संपर्काचा तपशील, कर-निवासी प्रमाणपत्र आणि त्या देशातील कर-ओळख क्रमांक दिला की पुरते. ही सूट मात्र फक्त कपातीपुरती आहे. विवरणपत्र भरायचे झाले की पॅन लागतोच.

आणि ते भरावेच लागते, हा या सल्ल्यातला सर्वांत महागडा दोष आहे. 2020 च्या वित्त कायद्याने कलम 115ए च्या पोटकलम 5 मधील विवरणपत्र न भरण्याची सूट रॉयल्टी आणि तांत्रिक सेवा शुल्कालाही दिली. पण तिला दोन अटी आहेत. अनिवासीचे भारतातील उत्पन्न केवळ या कलमातील प्रकारांचे असावे, आणि टीडीएस कलमात दिलेल्या दरापेक्षा कमी दराने कापलेला नसावा. तेव्हा कलमातला दरही 10 टक्केच होता, त्यामुळे जर्मन कराराचा दर लावूनही दुसरी अट पूर्ण होत असे. 1 एप्रिल 2023 पासून कलमातला दर 20 टक्के झाला. पोटकलम 5 च्या शब्दांना कोणी हात लावला नाही, तरी 10 टक्के कपात आता त्या अटीत बसेनाशी झाली. परिणामी, कराराचा लाभ घेणाऱ्या जर्मन कंपनीला पॅन काढून विवरणपत्र भरणे भाग आहे. कारखान्याने अनिवासींना दिलेल्या रकमांच्या तिमाही 27क्यू विवरणात ही रक्कम आणि दर दोन्ही कळवलेले असतात, त्यामुळे न भरलेले विवरणपत्र खात्याच्या नजरेत यायला वेळ लागत नाही.

(कलमांचे क्रमांक 1961 च्या कायद्याचे आहेत, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू होत असल्याने त्यानंतरच्या व्यवहारांसाठी नवे क्रमांक पाहावेत.)

यावर «मग पूर्ण 20.8 टक्के कापून विवरणपत्राची कटकटच टाळू» असेही सुचवले जाते. वरच्या उदाहरणात या सुटकेची किंमत 5 लाख 40 हजार रुपये आहे. तो परतावा मागायचा तर पुन्हा विवरणपत्रच भरावे लागते, आणि जर्मनीत करवजावट मागितली तर तिथले करखाते कराराप्रमाणे देय असलेल्या 10 टक्क्यांपलीकडच्या करासाठी ती देत नाही.