डोकेदुखी जोपासावी कशी?

घरात दहावीतलं पोर आहे आणि त्याचं डोकं अजून दुखत नाही? मग पालक म्हणून तुम्ही कुठेतरी कमी पडताय. घाबरू नका, घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात हा प्रयोग यशस्वी झालाय.

आधी फोन उशाशी असू द्या. ‘गजर त्यातच लागतो ना बाबा!’ हे मुलाचं म्हणणं मान्य करा. गजराचं घड्याळ वेगळं मिळतं, हे बोलून दाखवू नका. या वयात शरीराचं घड्याळ आपसूकच तास-दोन तास उशिरा चालतं. त्यात समोर रील असलं की रात्रीचा दीड सहज वाजतो. शाळेची बस सव्वासहाला, म्हणजे साडेपाचला उठणं. झोप चार तास. या वयाला आठ ते दहा लागते म्हणे.

खरी मेख मात्र रविवारात आहे. शनिवारी रात्री तीनला झोपलेल्याला दुपारी बारापर्यंत झोपू द्या. ‘झोपू दे गं, आठवडाभराची भरून काढतोय बिचारा.’ इतर दिवशी झोपेचा मध्य साडेतीनला येतो, रविवारी साडेसातला. म्हणजे पोरगं तिकीट न काढता दर आठवड्याला जवळजवळ लंडनला जाऊन येतं. अति झोप आणि बुडालेला नाश्ता यांनी रविवारीच कपाळ ठणकू लागतं. रात्री झोप येत नाही, की सोमवारची सोय झाली.

दुखलं की लगेच गोळी द्या. साधी पॅरासिटामॉलसुद्धा महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की गोळीनेच डोकं दुखायला लागतं. डोकेदुखी स्वावलंबी होते ती अशी.

(एक मात्र चेष्टेत घालवू नका: दुखण्याने झोपमोड, पहाटेची उलटी, एकाचे दोन दिसणं, हातापायात अशक्तपणा, तापासोबत ताठ मान. यातलं काही असलं तर थेट डॉक्टरांकडे.)

आमच्याकडे हा सगळा संसार बायकोने मोडला. तिने झोपायच्या नाही, उठायच्या वेळेला हात घातला. रोज साडेपाच, रविवारी फार तर साडेसहा, आणि उठल्या उठल्या गॅलरीत उजेडात चहा-पोहे. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी फक्त पाव तास अलीकडे. दीडवरून साडेनऊवर यायला 48 दिवस लागले. पहिला आठवडा घरात रणकंदन होतं आणि डोकंही जास्तच दुखलं. मी आनंदाने म्हटलं, ‘बघ, उपयोग नाही.’ डोकं दुखलेल्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारायची, असा तिचा हिशेब. पहिल्या महिन्यात 13 फुल्या, तिसऱ्यात चार.

झोपेच्या तासभर आधी सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर. सगळ्यांचे म्हणजे माझाही. परवा रात्री एक वाजता त्याच कपाटापाशी उकिडवा बसून मी सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण वाचत होतो. सकाळी कपाळ धरून बाहेर आलो, तर चिरंजीव कॅलेंडरसमोर लाल पेन घेऊन उभे.

‘बाबा, तुमची फुली कुठे मारू?’