ईदचा चंद्र आडवाच टांगायचा: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, फोटो छान आहेत, पण काही गोष्टी खटकल्या. तुमचे चंद्राचे कंदील सगळे आडवे लोंबताहेत. ग्रीटिंग कार्डावर चंद्र उभा असतो. खोलीत एवढा पिवळा अंधार आहे की शीरखुर्म्यात काजू आहे की बदाम, तेही कळत नाही. तुमचं वाचून आम्ही तसलेच बल्ब आणले, तर घर आजारी दिसायला लागलं. शिवाय ईदला पाहुणे येतात सकाळी, नमाज झाल्यावर. तेव्हा हे दिवे बघणार कोण?"

दादा, एवढं बारकाईनं बघितलंत म्हणून सविस्तरच लिहिते.

आधी चंद्राचं. चांदरातीला मोमिनपुऱ्यातल्या कुठल्याही गच्चीवर उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा. मार्चमध्ये नागपुरातून दिसणारी ती कोर जवळजवळ होडीसारखी पडलेली असते, दोन्ही टोकं वर. कोरीचा उजळलेला भाग नेहमी सूर्याकडे असतो. या दिवसांत आपल्या अक्षांशावर सूर्य मावळतो तो चंद्राच्या जवळजवळ सरळ खाली, म्हणून उजेड पडतो तो चंद्राच्या पोटावर. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आणखी तेरा-चौदा वर्षांनी ती ऑक्टोबरात येईल तेव्हा हीच कोर कलंडलेली दिसेल, तेव्हा कंदीलही कलंडता टांगेन. कार्डावरचा उभा चंद्र चित्रकाराच्या सोयीचा आहे. त्याच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी बसवतात तीही तशीच, कारण तिथे चंद्राचाच काळोखा भाग असतो आणि त्यातून चांदणी दिसायची नाही. पण चांदणीशिवाय पोरं ऐकत नाहीत, म्हणून मी ती टोकांच्या वर, वेगळ्या दोऱ्यानं बांधते.

आडव्या चंद्राचा दुसरा फायदा पंख्याखाली कळतो. मार्चअखेरीस नागपुरात पंखा बंद ठेवून पाहुणे बसवता येत नाहीत. चंद्राचं सगळं वजन पोटात असतं. वरच्या टोकाला एकच दोरा बांधून तो उभा टांगलात, तर पोट दोऱ्याच्या सरळ खाली यायला बघतं आणि चंद्र तिरका होतो. वर पंख्याच्या वाऱ्यानं तो गरगर फिरतो. आडव्या चंद्राला दोन्ही टोकांना दोन दोरे बांधता येतात. वजन खाली राहतं, फिरायला वाव मिळत नाही, तो फक्त थोडा झुलतो. पंख्याच्या पात्यापासून दीड-दोन फूट लांब आणि पात्याच्या खालच्या पातळीत ठेवा. दिवा पात्याच्या वर गेला की सगळ्या खोलीत सावल्या फडफडतात आणि अर्ध्या तासात डोकं धरतं.

कंदील बनवायचाच असेल तर फूटभर व्यासाचा पुरे. आकाशकंदिलाला लागतात तशा बांबूच्या पातळ कामट्यांच्या दोन कोरी करा, मध्ये तीन इंच अंतर ठेवून जोडा आणि वरून बटर पेपर चिकटवा. पतंगीचा कागद फार पातळ, त्यातून दिव्याचे ठिपके दिसतात. ठिपके दिसण्याचं खरं कारण मात्र कागद नाही, दिव्यांमधलं अंतर आहे. तांब्याच्या तारेची ती पाच मीटरची, पन्नास दिव्यांची लडी येते ना, तिच्यात दोन दिवे दहा सेंटिमीटरवर असतात. कागद त्यांच्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर. मग प्रत्येक दिवा सुटा दिसणारच. त्यासाठी जेमतेम दोन इंच रुंद, दीड फुटापेक्षा थोडी लांब पुठ्ठ्याची पट्टी घ्या आणि तार तिच्यावर गुंडाळा. एक वेढा साधारण दहा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे वेढ्यागणिक एक दिवा, आणि सगळे दिवे जवळजवळ एकाच बाजूला येतात. पट्टी वाकवून चंद्राच्या पोटात बाहेरच्या कडेला बसवा, दिव्यांची बाजू आतल्या पोकळीकडे. आता दोन दिव्यांत जेमतेम सेंटिमीटर उरतो आणि कागद सरसकट उजळतो. मेणबत्ती आत ठेवू नका, आणि घराच्या विजेवर थेट चालणारी स्वस्त सिरीजही कागदाच्या पोटात कोंबू नका. ही लडी यूएसबीवर चालते. फक्त ती पॉवर बँकेला लावलीत तर बऱ्याचदा थोड्याच वेळात विझते. लडी इतकी कमी वीज घेते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. मोबाइलचा साधा चार्जर लावा.

आता तुमच्या "आजारी" घराबद्दल. मी पैजेवर सांगते, पिवळ्या बल्बांसोबत तुमची ट्यूबलाइटही चालू होती. पिवळा बल्ब 2700 ते 3000 केल्विनचा, खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहिलेलं असतं. ट्यूब बहुधा 6500 केल्विनची, निळसर. दोन्ही एकत्र लावले की डोळ्याला नेमकं पांढरं काय ते ठरवता येत नाही. ट्यूबशेजारी बल्ब मळकट वाटतो आणि बल्बशेजारी ट्यूब दवाखान्यातली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक चमचा उभा धरून बघा. एक सावली निळसर आणि दुसरी नारिंगी पडली, तर दुखणं तेच. ट्यूब बंद करा. पाचेक मिनिटांत डोळे सरावतात आणि खुर्म्याची वाटी पुन्हा पांढरी दिसू लागते. मोबाइलचा कॅमेरा मात्र सरावेलच असं नाही, म्हणून माझे फोटो तुम्हाला अधिक पिवळे दिसले.

काजू-बदाम कळत नाहीत, हे मात्र कंदिलावर ढकलू नका. जेवण दाखवणं कंदिलाचं काम नाही. आमची दहा बाय बाराची बैठक आहे. तिथे कोपऱ्यात नऊ वॅटचा एक वॉर्म बल्ब भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. उजेड भिंतीवर आपटून खोलीभर पसरतो आणि बल्ब कुणाच्या डोळ्यांत जात नाही. टेबलावर पाच वॅटचा दुसरा बल्ब, शेडमध्ये, शेडची कड टेबलापासून अडीच फुटांवर. खाली टांगला तर समोरच्याचा चेहरा झाकतो, वर गेला तर बसलेल्याच्या डोळ्यांत घुसतो. हा टेबलावरचा बल्ब निवडताना जरा पैसे टाका. खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त लिहिलेला घ्या. स्वस्त बल्बखाली पिस्त्याचा हिरवा आणि केशराचा तांबूस दोन्ही करपट दिसतात, आणि मग शिव्या पिवळ्या रंगाला बसतात.

सकाळच्या पाहुण्यांचं तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच आमच्याकडे टेबल दिवसभर खिडकीजवळ असतं, भिंतीला टेकवून. सकाळी लोक पाच-पाच, सात-सातच्या टोळीनं येतात, बसतातच असं नाही, उभ्यानं वाटी घेऊन पुढच्या घरी जातात. तेव्हा पातेलं मध्ये, वाट्या डाव्या हाताला, चमचे अगदी शेवटी, उष्टी भांडी टेबलाखालच्या टोपलीत. फुलांचा गुच्छ नको, त्याच्या जागी मृग बहाराच्या संत्र्यांची परात. शेवया दूध पीत राहतात, म्हणून दहाच्या सुमाराला खुर्मा घट्ट होतो. शेजारी गरम दुधाची किटली ठेवा आणि पातेल्यात थोडं थोडं ओतत राहा. यात दिव्याचा काही संबंध नाही, सकाळी खिडकीचा पडदा सरकवला की झालं.

दिवे चांदरातीचे, आणि ईदच्या संध्याकाळचे. मगरिबनंतर जे येतात ते घाईत नसतात. आत्या, मामू, गांधीबागेतून दुकान बंद करून येणारे अब्बूंचे दोस्त, शेजारच्या देशपांडे काकू. टेबल मध्ये ओढून घेतो, खुर्च्या चारही बाजूंनी लावतो, अम्मी खाली दस्तरखान टाकूनच बसते. जमिनीवर बसणाऱ्याला शेडच्या आतला बल्ब खालून दिसतो, म्हणून तिच्या बाजूला शेडच्या तोंडावर बटर पेपरचा एक गोल चिकटवला आहे.