मोबाईल मीटरसमोर धरून फ्रिजचं बिल कळत नसतं

"हे ॲप खालच्या लिंकवरून घ्या, मोबाईल मीटरसमोर धरा, घरातलं कुठलं यंत्र किती वीज खातं ते लगेच दिसेल. चार्जर सॉकेटला राहू देऊ नका, सगळं बिल त्यानेच फुगतं. महिन्यात बिल निम्मं!!"

मावशीने हे आईला पाठवलं आणि आई लिंक दाबायच्या बेतात होती, म्हणून लिहितोय.

मीटरमधून घरभराची वीज एकत्रच जाते, गीझरची वेगळी आणि टीव्हीची वेगळी अशी नाही. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्याजवळ बघा, कितीतरी मीटरवर 3200 imp/kWh असं छापलेलं असतं, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. कॅमेऱ्याने फार तर तो दिवा मोजता येईल, पण तो फ्रिजमुळे लुकलुकला की पंख्यामुळे हे खुद्द मीटरलाच माहीत नसतं, तर ॲपला कुठून कळणार?

आता याच दिव्याने चार्जरचा हिशोब करू. नुसता लटकलेला चार्जर साधारण 0.2 वॅट खातो, घरात बाकी सगळं बंद असेल तर त्याच्या जिवावर दिवा, निदान कागदावरच्या हिशोबाने, दीड तासातून एकदा लुकलुकेल. महिन्याला जेमतेम 0.15 युनिट! उलट 2000 वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याचे 30 युनिट झाले, आणि रिमोटने "बंद" केलेला सेट टॉप बॉक्स 10 वॅट जरी घेत राहिला तरी 7 युनिट. पण त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

लिंकवरून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारी ॲपची फाईल, तर अजिबात टाकू नका. असली ॲप्स एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, पुढचं सांगायला नको. वीजबिलाच्या नावाने येणाऱ्या लिंका दाबू नका म्हणून महावितरण कधीपासून ओरडतंय.

एक मान्य करतो, ॲप म्हटलं की थोतांडच असं नाही. स्मार्ट मीटर असेल तर महावितरणच्या स्वतःच्या ॲपवर रोजचा वापर बघता येतो, पण तोही सगळ्या घराचा मिळून. एकेका यंत्राचं हवं असेल तर वापर मोजणारा स्मार्ट प्लग लागतो, आणि गीझरला 16 अँपिअरचाच घ्या, 10 चा तापून वितळू शकतो.

निम्म्या बिलाचं म्हणाल तर ॲप नुसतं दाखवतं, बटण आपल्यालाच बंद करावं लागतं. हां, 100 आणि 300 युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे वीस तारखेला 280 दिसले तर उरलेले दिवस हात आखडता येतो, एवढा फायदा खरा. आणि त्यालाही ॲपच हवं असं नाही, शेवटच्या बिलावरचं चालू रीडिंग मीटरच्या आजच्या आकड्यातून वजा करा, झालं.