बाटली काही बासरी नसते हो

अकरावीतल्या लेकीने रात्री नऊ वाजता विचारलं, "बाबा, बाटलीच्या तोंडावर फुंकलं की हूं असा आवाज येतो ना, तो किती हर्ट्झचा असेल ते आधी काढायचंय आणि मग मोजून दाखवायचंय, उद्या द्यायचंय." उद्या. नेहमीप्रमाणे.

मी म्हटलं त्यात काय, आपण इंजिनिअर. कोकम सरबताची रिकामी काचेची बाटली घेतली, पट्टीने उंची मोजली, ३० सेंटिमीटर. एका बाजूने बंद नळी, म्हणजे आवाजाचा वेग भागिले चारपट लांबी. खोलीत २७ डिग्री, वेग ३४७ मीटर, उत्तर २८९ हर्ट्झ. लेकीने कौतुकाने पाहिलं (हे शेवटचं कौतुक होतं).

मग फुंकायला लागलो. ट्यूनर अ‍ॅप चालू केलं तर फुंकायच्या आधीच ते १०० दाखवतंय! दहा मिनिटं बाटलीला शिव्या घातल्यावर कळलं की तो आपला फ्रिज गुणगुणतोय, वीज पन्नासची आणि तिची गुणगुण शंभराची. फ्रिज बंद केला, परत फुंकलं, आकडा आला ११४. कितीही फुंका, चक्कर येईपर्यंत फुंका, ११३-११४च. ओठ जरा पुढे सरकून तोंड झाकलं गेलं की १०८. पण २८९ कुठेच नाही.

आतून आई ओरडली, "अरे रात्री शिट्टी वाजवू नये, साप येतो!" म्हटलं आई, ही शिट्टी नाहीये, हुंकार आहे. सापाला फरक कळतो का हे तिने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग लेकीनेच पुस्तक उघडलं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकात असले पोकळ गोळे कानात खुपसून आवाजातले सूर वेगळे केले होते. मुद्दा असा की बाटलीत लाट नळीसारखी धावत नाही. गळ्यातली हवा एका बुचासारखी अख्खी वर-खाली होते आणि पोटातली हवा ही तिची स्प्रिंग. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकला, तो परत येतो ना, तसंच. बुच आत गेलं की पोटातली हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते, ते बाहेर जास्तच जातं, मग आत पोकळी होते आणि परत आत ओढलं जातं. हे सेकंदाला शंभरावर वेळा, आणि आपण फुंकर मारून नुसता झोका देत राहायचं. सूत्र असं, c म्हणजे आवाजाचा वेग, A गळ्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, V पोटातल्या हवेचं आकारमान, L गळ्याची लांबी आणि f म्हणजे आपल्याला हवे असलेले हर्ट्झ:

f = (c/2π) · √(A/(V·L))

पोट ७५० मिली, मापाच्या पेल्याने पाणी भरून मोजलं. गळ्याचा आतला व्यास १.९ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २.८४. गळा ७.५ सेंटिमीटर, पण तो नेमका कुठे संपतो यावर आमचं दोघांचं भांडण झालं, कारण ही बाटली खांद्यापाशी हळूहळू रुंदावते. नशीब की सगळं वर्गमुळात आहे, लांबीत दहा टक्के चुकलो तरी उत्तरात पाचच टक्के चूक. उत्तर आलं १२४.

"बाबा, १० जास्त आहेत." मला दिसत होतं.

खरी गंमत इथे आहे. हलणारी हवा गळ्याच्या कडेला येऊन शिस्तीत थांबत नाही, दोन्ही टोकांना थोडी बाहेरची हवा पण तिच्यासोबत डोलते. ती धरून गळा दोन्हीकडचा मिळून साधारण त्रिज्येच्या दीडपट लांब मोजायचा, इथे १.४ सेंटिमीटर. म्हणजे ७.५ नाही, ८.९. परत हिशोब केला, ११४! मी उडालोच. त्या बुचाचं वजन काढलं तर फक्त ३० मिलिग्रॅम, तांदळाचे एक-दोन दाणे, आणि स्प्रिंग एवढी मऊ की १५ ग्रॅम टांगले तर सेंटिमीटरभर ताणली जाईल. इतक्याशा ऐवजातून एवढा खर्जातला आवाज.

मग हौस आली, अर्धं पाणी भरलं, पोटातली हवा निम्मी, स्प्रिंग दुप्पट कडक, हिशोबाने १६१, अ‍ॅपवर १६०. पावणेबारा वाजले होते, लेक झोपायला गेली, फ्रिज चालू करायचा राहिलाय हे आईच्या लक्षात आलं.

सकाळी उठून पाहतो तर आईने बाटली धुऊन तिच्यात कोकम भरलेलं, बरोब्बर गळ्याच्या बुडापर्यंत. म्हणजे पोट संपलं, स्प्रिंग गेली, उरली एक छोटी बंद नळी, आणि तिला माझं पहिलं चुकलेलं सूत्र आता लागू! हजार हर्ट्झच्या वर काहीतरी यायला हवं. राहवलं नाही, फुंकलंच. कर्कश्श शिट्टी वाजली, शर्टावर कोकम उडालं आणि आतून आवाज आला, "ही तरी शिट्टीच ना रे?"