सरळ जाणाऱ्या कणाचा कोनीय संवेग

"कोनीय संवेग फक्त गोल फिरणाऱ्या वस्तूला असतो. सरळ रेषेत जाणाऱ्या कणाचा तो शून्यच."

हे खरं नाही. आधी विचारायचं, कोणत्या बिंदूभोवती? तो बिंदू कणाच्या रेषेवरच असेल तर शून्य, एरवी नाही.

समजा 2 किलोचा कण सेकंदाला 3 मीटर वेगाने सरळ चाललाय आणि आपला बिंदू त्या रेषेपासून 4 मीटरवर आहे. कण अगदी समोर असताना कोनीय संवेग 2 × 3 × 4, म्हणजे 24 kg·m²/s. एका सेकंदाने कण 3 मीटर पुढे गेला, बिंदूपासूनचं अंतर 5 मीटर झालं. इथेच बरेच जण 30 लिहून मोकळे होतात! पण गुणायचं ते 5 × sinθ ने; θ म्हणजे बिंदू आणि कण जोडणारी रेषा व कणाचा मार्ग यांच्यातला कोन, आणि sinθ आता 4/5 आहे. पुन्हा 4, पुन्हा 24. अंतर वाढतं तसा sinθ घटतो, कारण दोघांचा गुणाकार म्हणजे बिंदूपासून रेषेवर टाकलेला लंब, आणि रेषा तर हललेलीच नाही.

बदलतो तो कोनीय वेग: 0.75 वरून 0.48 rad/s.

मात्र कणाला त्याच रेषेत ब्रेक लावला, तर मार्ग सरळ राहूनही कोनीय संवेग घटतो, कारण त्या बलाचा या बिंदूभोवती टॉर्क असतो.