जिंका, पण जरा बेताने

मी पतसंस्थेत कारकून आहे, एवढ्याच पुण्याईवर मला आमच्या कबड्डी मंडळाचं खजिनदार केलं. "तुला आकडे कळतात," अध्यक्ष नाना म्हणाले. आकडे मला कळतात हे खरं. पण पतसंस्थेतले आकडे जागच्या जागी बसलेले असतात, कबड्डीतले दम धरून पळत असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात. इकडे भात कापून झालं की मैदानं आखायची आणि उन्हाळा तापेपर्यंत खेळायचं. डिसेंबर ते मार्च हा आमचा हंगाम. त्यात एक चार रात्रींची स्पर्धा आम्ही भरवतो, गॅलरी बांधून, तिकीट लावून. बाहेरगावच्या पाच स्पर्धांना संघ पाठवतो. नोव्हेंबरच्या बैठकीत नाना म्हणाले, "या वर्षी आधीच अंदाज काढ. मागच्यासारखं शेवटी टोपी फिरवायला नको."

पहिला अंदाज मी चहा निवायच्या आत काढला. गॅलरीत ८०० माणूस. तीन रात्री ५० रुपये तिकीट, अंतिम रात्री १००. झाले दोन लाख! बैठकीत टाळ्या पडल्या. एकाने लगेच मॅट विकत घेण्याची सूचना मांडली.

घरी येऊन मागच्या वर्षीची तिकिटांची स्थळप्रत चाळली आणि टाळ्यांचा आवाज कानातून गेला. ८०० पैकी २५० जागा पासवाल्यांच्या होत्या. पुरस्कर्ते आणि त्यांचे मेहुणे, आजीमाजी पदाधिकारी, विजेचं कनेक्शन देणारा शेजारी, आणि ज्यांच्या शेतात गॅलरीचे पाय रोवतो त्यांचं अख्खं घर. विकायला उरल्या ५५०. त्यातही पहिल्या रात्री १६५ गेल्या होत्या, दुसऱ्या रात्री २५०, तिसऱ्या रात्री ३३०. चौथ्या रात्री मात्र मुंगीला शिरायला जागा नव्हती. या हिशेबाने दोन लाखांचे ९२,२५० झाले आणि त्यातले ५५ हजार एकट्या शेवटच्या रात्रीचे.

ती शेवटची रात्र का भरली होती? आपला संघ अंतिम फेरीत होता म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी पोरं दुसऱ्याच रात्री घरी गेली होती. त्यानंतर तिसऱ्या रात्री दीडशे आणि अंतिमला तीनशे तिकिटं खपली. बाकीचा गाव घरी बसून मालिका बघत होता. म्हणजे तिकिटाचा अंदाज एक नसून दोन आहेत: आपण राहिलो तर ९२ हजार, गेलो तर ५८. मधला ३४ हजारांचा फरक आमच्या डाव्या कोपरारक्षकाच्या घोट्यावर अवलंबून, आणि तो घोटा गेल्या पावसाळ्यापासून सुजलेला.

आता पुरस्कर्ते. वहीत दीड लाखाचे शब्द होते. मी शब्दांची प्रतवारी लावली. वीस हजार हातात आलेले, ते पैसे. पन्नास हजार "बॅनर किती बाय किती?" असं विचारणाऱ्यांचे. बॅनरचं माप विचारणारा माणूस बहुधा देतो. मागच्या वहीप्रमाणे अशा पाच रुपयांतले चार येतात, म्हणून चाळीस धरले. चाळीस हजार "तुम्ही काळजी करू नका" म्हणणाऱ्यांचे. तिथे मी शून्य लिहिलं आणि काळजी सुरू केली.

उरले चाळीस हजार एका बिल्डरचे. त्यांचा शब्द होता, "बघू." मी हुशारीने 'बघू'ची किंमत तीस टक्के ठरवून बारा हजार मांडले. बायकोने वहीत डोकावून विचारलं, "ते बारा हजार देतो म्हणालेत?" नाही. ते देतील तर चाळीस देतील, नाहीतर नारळ आणि शुभेच्छा. बारा हजार त्यांच्या खिशातून कुठल्याच परिस्थितीत निघणार नव्हते. दहा-पंधरा छोट्या देणगीदारांची सरासरी चालते, एकट्या मोठ्याची चालत नाही. बारा हजार खोडले. पुरस्कर्ते साठ हजार.

हे साठ हजारही कधी येणार? स्पर्धेच्या आसपास, जानेवारीत. जर्सीवाल्याला पैसे डिसेंबरआधी हवेत. आणि जर्सीवर नाव कोणाचं छापायचं? बिल्डरसाहेब म्हणतात, आधी जर्सी दाखवा, मग बघू. जर्सीवाला म्हणतो, आधी नाव द्या, मग छापू. या दोघांच्या मध्ये मी महिनाभर मध्यरेषेसारखा आडवा पडलो होतो. अखेर छाती कोरी ठेवून बाकी छपाई केली. बारा खेळाडू, दोन-दोन संच, साडेसहाशेचा एक: १५,६००. नी-कॅप, पट्ट्या, स्प्रे मिळून सहा हजार. वर अठरा हजारांचे बूट. मातीत पोरं अनवाणी खेळतात, पण पाचातल्या दोन स्पर्धा मॅटवर होत्या.

प्रवासाचा हिशेब मला सोपा वाटला होता. रोह्याजवळचं मैदान जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आत. वीस रुपयांनी दोन हजार. गाडीवाला भाऊ हसला. "साहेब, दिवसाला अडीचशे किलोमीटर कमीत कमी. गाडी उभी राहिली तरी." म्हणजे पाच हजार. त्याचा भत्ता पाचशे, चौदा माणसांचा वडापाव-चहा दीड हजार. जेवण यजमानांचं, तरीही एका दिवसाचे सात हजार.

पण दिवस किती? पहिल्याच सामन्यात हरलो तर एक. अंतिम फेरी गाठली तर तीन, म्हणजे एकवीस हजार. उपविजेत्याला बक्षीस पंधरा हजार, आणि ते प्रथेप्रमाणे पोरांत वाटलं जातं. थोडक्यात, बाहेरगावी आमचा संघ जितका जिंकतो तितकं मंडळ बुडतं. मागच्या वर्षी तीन ठिकाणी पहिल्याच दिवशी गारद, एकदा दोन दिवस, एकदा तीन. एकूण आठ दिवस, छप्पन्न हजार. तोच आकडा ठेवला.

स्वतःच्या स्पर्धेचा खर्च, म्हणजे गॅलरी, दिवे, पंच, चषक, रोख बक्षिसं, एक लाख वीस हजार. सगळं मिळवलं आणि नानांना सांगितलं: अंतिम फेरी गाठली तर तूट ६३ हजार, दुसऱ्या रात्री हरलो तर ९७.

नाना बराच वेळ गप्प राहिले. "तिकीट वाढवू," म्हणाले. मी बोट दाखवलं. मैदानाच्या कुंपणापलीकडे शाळेची गच्ची आहे, तिच्यावर दीडशे माणूस फुकट मावतं.

शेवटी फुकट पास शंभरावर आणले, बूट निम्मे पोरांनी घ्यायचे ठरवले, आणि पाचऐवजी तीन स्पर्धा पक्क्या केल्या. शेजाऱ्याचा पास रद्द केला नाही. वीज त्याच्याकडून येते.

रोह्याजवळच्या स्पर्धेला मीही गेलो. उपांत्यपूर्व सामना, शेवटची चढाई, आपण एका गुणाने मागे, आणि समोर सहा जण. आपल्या पोराने बोनस रेषा ओलांडली, परतताना पकड सोडवून एकाला टिपलं आणि मध्यरेषेवर झेप घेतली. मी खुर्चीवर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. खाली उतरलो तर मागे गाडीवाला भाऊ कानात काडी घालत उभा.

"म्हणजे साहेब," तो म्हणाला, "उद्याही गाडी?"